गुणतक्ता, धावगती आणि एक छायाचित्र

(क्रीडाशिक्षक व गुणलेखक विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बेळगावातील एका हायस्कुलात गणित शिकवतो. क्रिकेट आम्हांला खेळता येत नाही. आमच्या तरुणपणी खेळलेल्या दोनचार सामन्यांची आठवण आमच्या मित्रांनी अजून जपून ठेवली आहे, ती आज येथे नको. पण शाळा-शाळांमधील मर्यादित षटकांच्या स्पर्धेचा गुणतक्ता ठेवण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आले आहे. "गणिताचे मास्तर आहेत, बेरजा येतात," एवढीच त्यामागची पात्रता. तक्ता ठेवणे म्हणजे बेरजा करणे नव्हे, हे आम्हांला एका रात्री कळले. त्या रात्रीची हकीकत सांगावी आणि तिच्या आधाराने हे काम कसे करावे ते आपणापुढे मांडावे, एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

प्रथम कामाचे स्वरूप सांगतो. सामने तीनचार मैदानांवर होतात. आम्ही एकाच वेळी सगळीकडे असू शकत नाही. सामना संपला की त्या मैदानावरचा गुणलेखक स्कोअरबुकाच्या पानाचे छायाचित्र घेतो आणि व्हॉट्सॲपवर आमच्याकडे धाडतो. ते पाहून आम्ही तक्ता भरतो आणि सायंकाळी सर्व शाळांस कळवतो. म्हणजे आमच्या हाती सामना नसतो, त्याची सावली असते. सावलीवरून उंची मोजावयाची तर सूर्य कोठे होता हे पाहावे लागते, हे भूमिती शिकलेल्यांना सांगावयास नको.

आता आमच्या गटाची गोष्ट. गटात चार संघ होते. शाळांची नावे येथे घेण्याचे कारण नाही. मुलांच्या सदऱ्यांच्या रंगावरून आपण त्यांस निळा, हिरवा, तांबडा आणि पिवळा म्हणू. हिरवा संघ आमच्या स्वतःच्या शाळेचा, हे मात्र आताच सांगून ठेवतो. सामने पंधरा षटकांचे, एका गोलंदाजाला जास्तीत जास्त तीन षटके, आणि विजयास दोन गुण. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे आणि पहिल्या दोघांनी उपांत्य फेरीत जावयाचे.

निळ्याने तिघांनाही हरवले, त्याचा प्रश्न मिटला. पण पिवळ्याने तांबड्याला हरवले, तांबड्याने हिरव्याला आणि हिरव्याने पिवळ्याला. तिघांचेही गुण दोन-दोन. कोणी कोणाला हरवले हे पाहू गेल्यास आपण गोल गोल फिरत राहतो. अशा वेळी नियमपुस्तिका सांगते की निव्वळ धावगती, म्हणजे ज्याला सगळे नेट रनरेट म्हणतात, ती पाहावी.

ही धावगती म्हणजे काही गूढ नव्हे. आपल्या संघाने सर्व सामन्यांत मिळून दर षटकास किती धावा काढल्या, यातून प्रतिपक्षांनी आपल्याविरुद्ध दर षटकास किती काढल्या ते वजा करावयाचे. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की आधी सर्व सामन्यांच्या धावांची बेरीज, सर्व षटकांची बेरीज, आणि मग एकदाच भागाकार. पुष्कळ जण प्रत्येक सामन्याची वेगळी धावगती काढून त्यांची सरासरी घेतात. त्याने उत्तर जवळपास येते, पण बरोबर येत नाही. कारण दहा षटकांचा डाव आणि पंधरा षटकांचा डाव यांना त्यात सारखेच वजन मिळते.

भागाकारापूर्वी एक खाचखळगा आहे. स्कोअरबुकात १३.४ असे लिहिलेले असते ते दशांश अपूर्णांकासारखे दिसते, पण तसे ते नव्हे. तेरा षटके आणि चार चेंडू असा त्याचा अर्थ. षटकात चेंडू सहा. म्हणून चार चेंडू म्हणजे षटकाचे दोन तृतीयांश, दशांशांत ०.६६७. संगणकाच्या तक्त्यात कोणी १३.४ तसेच टाकले आणि भागले, तर यंत्र बिचारे मुकाट्याने तेरा पूर्णांक चार दशांशाने भागते. या चुकीचा वाईट गुण असा की ती बहुधा लपून राहते. आमच्याच गटात तिने हिरव्याची धावगती उणे ०.३७८ ऐवजी उणे ०.३७० आली असती. क्रम बदलला नसता, आणि म्हणून कोणी तपासलेही नसते. यावर आमचा उपाय जुन्या पद्धतीचा आहे: षटके ठेवावयाचीच नाहीत, सगळे चेंडूंत करून घ्यावयाचे. तेरा षटके चार चेंडू म्हणजे ब्याऐंशी चेंडू. शेवटी धावांना सहाने गुणून चेंडूंनी भागले की दर षटकाची गती मिळते. ज्यांना हे यंत्राकडूनच करवून घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी फळ्यावर लिहिलेले सूत्र येथे देतो. `C2` या घरात षटके लिहिलेली आहेत असे समजावे.

```
=INT(C2)*6+ROUND(MOD(C2,1)*10,0)
```

दुसरा खळगा मोठा आहे, आणि तो क्रम बदलतो. एखादा संघ सर्वबाद झाला तर त्याने प्रत्यक्ष जितकी षटके खेळली ती धरावयाची नाहीत. त्याला जितकी मिळावयाची होती तितकी पूर्ण धरावयाची. आमच्या गटात तांबडा संघ पिवळ्याविरुद्ध ८४ धावांत सर्वबाद झाला, तेव्हा १३.२ षटके झाली होती. तक्त्यात मात्र पंधरा षटके, म्हणजे नव्वद चेंडू लिहावयाचे. कारण उघड आहे: ज्याने आपले गडी गमावून उरलेली षटके वाया घालवली, त्याला त्या घाईचे बक्षीस मिळू नये, आणि ज्यांनी त्याला बाद केले त्यांस त्याची शिक्षा होऊ नये. तेथे नव्वदऐवजी ऐंशी चेंडू लिहिले असते तर पिवळ्याविरुद्धची धावगती फुगली असती, त्याची निव्वळ धावगती उणे ०.२७० वरून उणे ०.५२६ पर्यंत घसरली असती, आणि ज्या संघाने प्रतिपक्षाचे दहा गडी टिपले तोच त्या कर्तृत्वापायी स्पर्धेबाहेर गेला असता. पाठलाग करणारा संघ जिंकून डाव संपतो तेव्हा मात्र प्रत्यक्ष खेळलेलेच चेंडू धरावयाचे. हा भेद गुणलेखक मुलांनी पाठ करावा असा आहे. पावसाने सामन्याची षटके आधीच कमी केली असतील तर "पूर्ण" म्हणजे ती कमी केलेली षटके. आणि जो सामना निकालाविना सोडून दिला त्याचा गुण तक्त्यात येतो, धावा व चेंडू येत नाहीत.

असो. आता त्या सायंकाळकडे येतो.

शेवटचा सामना हिरवा विरुद्ध पिवळा. पिवळ्याने पंधरा षटकांत ८ बाद ९२ केल्या. आमच्या मुलांनी ५ बाद ९३ करून सामना जिंकला. छायाचित्र आले तेव्हा दिवेलागण झाली होती. पान एका कठड्यावर ठेवून घेतलेले, डाव्या बाजूला घेणाऱ्याच्याच डोक्याची सावली, आणि खालचा काठ वळलेला. त्या वळलेल्या काठाजवळ एकूण षटके लिहिली होती, मराठी आकड्यांत. आम्ही वाचले: १२.४.

आमच्या भागात एका स्पर्धेत मराठी, कानडी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा येतात. बहुतेक गुणलेखक इंग्रजी आकडे लिहितात, पण घाईत हात लहानपणीच्या वळणावर जातो. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांची तोंडवळ्याने गल्लत होते. मराठी चार वरून मिटला की इंग्रजी आठ होतो. आमचे वडील घरचा हिशोब उर्दू आकड्यांत लिहीत, त्यात शून्य म्हणजे नुसता ठिपका. तो आणि षटकांतला ठिपका शेजारी आले तर देवच वाचवो. पण या सर्वांहून फसवी जोडी आपल्या मराठीचीच: दोन आणि तीन. दोघांत फरक मधल्या एका वळणाचा. पेन्सिल बोथट असेल, कागद वळलेला असेल, तर ते वळण कागदावर असते आणि छायाचित्रात नसते.

१२.४ धरून आम्ही हिशोब केला. हिरव्याची धावगती उणे ०.२३३, पिवळ्याची उणे ०.४२१. आमची शाळा उपांत्य फेरीत! आम्ही उभी-आडवी पडताळणी केली. गटातील सर्व संघांनी काढलेल्या धावांची बेरीज आणि सर्व संघांविरुद्ध गेलेल्या धावांची बेरीज सारखी यावयास हवी. दोन्हीकडे १०६५ आली. खेळलेले चेंडू आणि टाकलेले चेंडू यांचीही तशीच; दोन्हीकडे १०१८ आले. समाधान पावून आम्ही तक्ता सर्व शाळांस पाठवला आणि आमच्या मुलांच्या गटावर वेगळा एक अभिनंदनाचा निरोपही धाडला. हा दुसरा निरोप पाठवण्याची काही गरज नव्हती.

येथे थोडे थांबून त्या पडताळणीबद्दल सांगतो, कारण तिच्यावर आमचा फार विश्वास होता. ती पडताळणी चांगलीच आहे. एखाद्या सामन्याच्या धावा एका संघाच्या नावे लिहून दुसऱ्याच्या नावे लिहावयाच्या राहिल्या, किंवा ८९ चे ९८ झाले, तर ती ताबडतोब ओरडते. पण छायाचित्र वाचतानाच चूक झाली, आणि तो चुकलेला आकडा आपण दोन्ही संघांच्या खाती इमानेइतबारे लिहिला, तर बेरजा दोन्हीकडे सारख्याच चुकतात आणि पडताळणी गप्प बसते. तक्ता बरोबर जुळणे आणि तक्ता खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (सर्व संघांच्या निव्वळ धावगतींची बेरीज शून्य आली पाहिजे असेही काही जण समजतात. तसे नाही, संघांचे चेंडू सारखे नसतात, म्हणून आमच्या बरोबर तक्त्यातही ती शून्य येत नाही.)

रात्री साडेआठच्या सुमारास पिवळ्या संघाच्या क्रीडाशिक्षिकांचा फोन आला. बाई वयाने आमच्याहून पुष्कळ लहान आहेत.

"सर, रागावू नका, पण एक विचारू का?"

"विचारा की बाई, त्यात रागावण्यासारखे काय?"

"आमच्या पाचव्या गोलंदाजाचे दुसरे षटक चालू असताना सामना संपला. मी सीमारेषेवरच होते. त्याचे पहिले षटक पूर्ण झाले होते. मग बारा षटके चार चेंडू कसे होतील?"

आम्ही म्हणालो, "पाहतो आणि दहा मिनिटांत कळवतो." खरे सांगावयाचे तर फोन ठेवताना आमच्या मनात पहिला विचार आला तो हा, की बाईंचीच काही तरी गफलत असेल.

मग आम्ही ते छायाचित्र पुन्हा उघडले, आणि जे आधी करावयास हवे होते ते केले. एकूण षटकांचा आकडा बोटाने झाकला आणि गोलंदाजांचे रकाने वाचले. पहिल्या चौघांची प्रत्येकी तीन षटके, धावा १७, १९, २१ आणि १८. पाचव्याची १.४ षटके, धावा १३. चार त्रिक बारा, आणि वर एक षटक चार चेंडू, एकूण १३.४. बारा षटके चार चेंडू व्हावयाचे तर पाचव्याच्या नावे ०.४ हवे होते, आणि तेथे तर एक स्पष्ट दिसत होता. धावांचीही साक्ष घेतली: गोलंदाजांच्या मिळून ८८, त्यात बाय आणि लेगबायच्या ५ मिळवल्या की ९३. वाइड आणि नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या नावावर आधीच धरलेल्या असतात, त्या पुन्हा मिळवावयाच्या नसतात, हे ध्यानात असावे. तेव्हा रकाने निर्दोष होते. आमचे वाचन सदोष होते. दोन नव्हता, तीन होता.

सहा चेंडूंचा फरक. पण पाहा, तो एकटा आकडा दोन पारड्यांत बसतो. हिरव्याने खेळलेले चेंडू २५६ चे २६२ झाले, त्यामुळे त्याची स्वतःची गती उतरली. आणि तेच सहा चेंडू पिवळ्याने टाकलेल्या चेंडूंत वाढले, त्यामुळे पिवळ्याविरुद्धची गतीही उतरली, म्हणजे पिवळ्याचा लाभ झाला. एक खाली, दुसरा वर. दुरुस्त तक्ता असा झाला. धावांपुढे चेंडू लिहिले आहेत:

| संघ | विजय | गुण | काढलेल्या धावा / चेंडू | दिलेल्या धावा / चेंडू | निव्वळ धावगती |
|---|---|---|---|---|---|
| निळा | ३ | ६ | २८८ / २४० | २४६ / २७० | +१.७३३ |
| पिवळा | १ | २ | २६३ / २५५ | २८२ / २६२ | −०.२७० |
| हिरवा | १ | २ | २७१ / २६२ | २९३ / २६७ | −०.३७८ |
| तांबडा | १ | २ | २४३ / २६७ | २४४ / २२५ | −१.०४६ |

ज्याला करून पाहावयाचे असेल त्याने हिरव्याचा आडवा रकाना घ्यावा. २७१ ला सहाने गुणून २६२ ने भागले की ६.२०६, २९३ ला सहाने गुणून २६७ ने भागले की ६.५८४, वजाबाकी उणे ०.३७८.

आम्ही बाईंना फोन केला. "बाई, तुमचे बरोबर आहे. तुमचा संघ गेला पुढे." त्या काही क्षण बोलल्या नाहीत; मग म्हणाल्या, "सर, तुमच्या मुलांना वाईट वाटेल हो." त्यानंतर दुरुस्त तक्ता सर्व शाळांस पाठवला आणि त्यासोबत ते छायाचित्रही, पाचव्या गोलंदाजाच्या आकड्याभोवती तांबडे वर्तुळ काढून. नुसता नवा तक्ता पाठवला असता तर कोणी तरी म्हणालेच असते की मास्तरांवर दडपण आले. कागद समोर असला की बोलण्यास जागा उरत नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहिली ती सांगतो. निळ्याच्या सामन्यात तांबडा संघ ७० धावांत गारद झाला, ते छायाचित्रही तितकेच अंधुक होते, आणि ते आम्ही गोलंदाजांच्या रकान्यांशी ताडून पाहिले होते. हे मात्र पाहिले नाही. का? उत्तर आमच्या शाळेला सोयीचे आले होते म्हणून. गैरहेतू नव्हता, पण सोयीचे उत्तर आले की डोळा पुढे सरकतो. तेव्हापासून आमच्या स्पर्धेत एक रीत घातली आहे. ज्या सामन्यावर तक्ता ठेवणाऱ्याच्या शाळेचे बरेवाईट ठरते, त्या सामन्याचे छायाचित्र प्रतिपक्षाच्या शिक्षकाने वाचावे आणि आकडे सांगावे. आम्ही फक्त लिहून घ्यावे.

छायाचित्राबद्दलही दोन रिती घातल्या. पान सपाट जमिनीवर किंवा बाकावर, चारही कोपरे चौकटीत, सावली पडणार नाही अशा बाजूने, आणि अंधार होण्यापूर्वी. हे तर झालेच. पण अधिक उपयोगाची ठरली ती दुसरी रीत. बँकेच्या चेकावर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहितात ना, तसे गुणलेखकाने छायाचित्राखाली निकाल अक्षरांत लिहावयाचा: "हिरवा, त्र्याण्णव धावा, पाच बाद, तेरा षटके चार चेंडू." बारा आणि तेरा यांत अक्षरांनी गोंधळ होत नाही. सर्वबाद झाला असेल तर "सर्वबाद" हा शब्द सुटा लिहावयाचा, म्हणजे पूर्ण षटके धरावयाची ही आठवण तेथेच मिळते. मुलांनी ही रीत एका आठवड्यात उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर आम्ही संघातल्या मुलांना वर्गात बोलावले आणि सगळे सांगितले. फळ्यावर हिशोब मांडला. मुले ऐकत होती. एकदोघांचे डोळे भरून आले होते. विजयी धाव ज्याने काढली तो नववीतला मुलगा मागच्या बाकावर होता. त्याने हात वर केला.

"सर, मी शेवटच्या चेंडूवर एकच धाव घेतली. चौकार मारला असता तर?"

आम्ही म्हणालो, "सामना तर तसाही जिंकलाच असतास."

"तसे नव्हे सर. तक्त्यात?"

हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता. खडू घेऊन पुन्हा फळ्याकडे वळलो. स्कोअरबुकाप्रमाणे तेरा षटके संपली तेव्हा ८९ धावा होत्या. चौदाव्या षटकात पहिल्या चेंडूवर एक, दुसऱ्यावर दोन, तिसरा कोरा. ९२, म्हणजे बरोबरी. चौथ्यावर त्याने चेंडू हळूच ढकलून एक धाव घेतली होती. आता तेथे चार धरू. हिरव्याच्या धावा ९६, एकूण २७४, गती ६.२७५, निव्वळ उणे ०.३०९. पिवळ्याविरुद्धच्या धावा २८५. त्याची निव्वळ धावगती उणे ०.३३८. हिरवा वर.

म्हणजे त्या चेंडूवर चौकार गेला असता तर आमची मुले उपांत्य फेरीत होती. नुसत्या ९३ धावांनी जायचे तर १३.१ षटकांतच जिंकावयास हवे होते. पण ती वेळ टळल्यावरही दार बंद झाले नव्हते. बरोबरी करून मग चौकार मारला तर १३.४ पर्यंत, आणि षटकार मारला तर पूर्ण चौदा षटकांपर्यंत ते उघडे होते. हे त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

मोठ्या मैदानावरही असेच घडले आहे. ५ सप्टेंबर २०२३ रोजी लाहोरला आशिया चषकाचा श्रीलंका-अफगाणिस्तान सामना झाला. श्रीलंकेने ८ बाद २९१ केल्या. पुढल्या फेरीत जाण्यास अफगाणिस्तानने ३७.१ षटकांत २९२ करावयास हवे होते. त्या चेंडूवर त्यांचा नववा गडी बाद झाला, धावा २८९. सगळे संपले असे समजून शेवटचा फलंदाज चेंडू नुसते अडवत राहिला, आणि ३७.४ वर तोही पायचीत झाला. दोन धावांनी सामनाही गेला. वास्तविक ३७.४ षटकांपर्यंत २९५ झाल्या असत्या तरी ते पुढे जात होते, म्हणजे तीन चेंडूंत एक षटकार पुरे होता. आपल्याला हा हिशोब कळवण्यात आला नव्हता, असे त्यांचे प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी सामन्यानंतर सांगितले.

आम्ही ही हकीकत वर्गात सांगितली. त्या मुलाने ऐकून घेतली आणि म्हणाला, "पण सर, आपल्याकडे तर हिशोब करणारे तुम्हीच होता." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून आता शेवटच्या साखळी सामन्यांत छायाचित्र दोनदा मागवतो: एकदा पहिला डाव संपताच आणि एकदा सामना संपल्यावर. पहिला डाव संपला की पाठलागाचे लक्ष्य ठरते, आणि इतर सामने झालेले असतील तर बाकीचे सर्व आकडे आमच्या वहीत असतातच. मधल्या पंधरा मिनिटांत आम्ही एक चिठ्ठी तयार करतो. तिच्यात तीनच ओळी असतात: नुसते लक्ष्य गाठावयाचे तर कितव्या चेंडूपर्यंत, बरोबरीनंतर चौकार गेला तर कितव्यापर्यंत, आणि षटकार गेला तर कितव्यापर्यंत. हे काढण्यास बीजगणित येते त्यांनी समीकरण मांडावे. न येणाऱ्याने चेंडूंची संख्या एकेक वाढवून दोन्ही संघांच्या धावगती पाहत जावे, जेथे क्रम उलटतो त्याच्या आधीचा चेंडू हे उत्तर. चिठ्ठी दोन्ही संघांच्या शिक्षकांस एकाच वेळी, एकाच निरोपात जाते. एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर असे होऊ देत नाही, कारण क्षेत्ररक्षण करणाऱ्यांनाही कोणत्या चेंडूपर्यंत दम धरावयाचा हे कळण्याचा तितकाच अधिकार आहे.

पहिली चिठ्ठी आम्ही गेल्या हंगामात पाठवली. त्या सामन्यात आमची शाळा नव्हती. चिठ्ठीतील आकडे फोनवर ताडून पाहण्यास मात्र आम्ही पिवळ्या संघाच्या बाईंनाच विनंती केली होती, आणि त्यांनी दुसऱ्या ओळीतील एका चेंडूची चूक काढून दिली.